तक्त्यातलं मूल

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोलीत एक तक्ता हमखास असतो. पलंगाच्या उशाशी, कपाटाच्या दारावर, नाहीतर जिथे नजर दिवसातून दहादा विनाकारण जाते अशा कुठल्याही भिंतीवर. डावीकडे कलमाचा आकडा आणि उजवीकडे एका ओळीत अर्थ. एका ओळीत, कारण दुसरी ओळ आली की रकाना फुगतो, रकाना फुगला की तक्ता एका कागदात मावत नाही, आणि एका कागदात न मावणारी गोष्ट परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यातही मावत नाही, असा या मुलांचा अनुभव आहे. त्यामुळे सतरासमोर लिहिलेलं असतं ‘अस्पृश्यता नष्ट’. अठरासमोर ‘किताब बंद’. तेविसासमोर ‘वेठबिगार बंद’. मी हे पहिल्यांदा सलग वाचलं तेव्हा वाटलं, दोन-दोन शब्दांचंच काम होतं तर मग इतकी शतकं कशाला लागली! ओळीत कर्ता नाही, काळ नाही. कोणी नष्ट केली, कधी केली, झाली का, असं काही विचारावं तर तेवढ्यात पुढचं कलम येऊन उभं राहिलेलं असतं.

कायद्यापुढे समानता अक्षरशः कुठे पाळली जात असेल तर ती या तक्त्यात. एकविसाव्या कलमावर न्यायालयांनी ग्रंथालय भरेल इतकं लिहून ठेवलं आहे, आणि अठराव्या कलमाकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, पण तक्त्यात दोघांच्या घरांची उंची सारखी. बत्तिसावं कलम, ज्याला आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं, त्यालाही वाढीव जागा नाही. फक्त एकतिसासमोर एकच शब्द असतो, ‘वगळले’. तिथे पूर्वी मालमत्तेचा हक्क राहत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याला मूलभूत हक्कांच्या भागातून उठवलं आणि पार तीनशेच्या पलीकडे, कलम ३००-क मध्ये, साध्या कायदेशीर हक्काच्या वस्तीत नेऊन बसवलं. मागे ३१-क, ३१-ख, ३१-ग ही मंडळी तशीच राहिली. धरणात गाव गेल्यावर फाट्यावरची गावाच्या नावाची पाटी तेवढी उरावी, तसा तो आकडा तिथे उभा आहे, आणि मुलं त्याच्या पुढ्यात क्षणभर थांबून पुढे जातात, कारण ‘कोणती दुरुस्ती’ एवढाच प्रश्न त्यावर येतो.

आमच्या घरातला तक्ता भाचीचा. ती आमच्याकडे राहून राज्यसेवेची तयारी करते. तिने हक्कांना हिरवा, मार्गदर्शक तत्त्वांना गुलाबी आणि कर्तव्यांना पिवळा हायलायटर दिला आहे. रंगांमागे काही राष्ट्रीय विचार असेल असं मला वाटलं होतं, पण दुकानात तेवढेच तीन शिल्लक होते. हक्कांकडे १२ ते ३५ अशी ऐसपैस जागा, तत्त्वांकडे ३६ ते ५१, आणि कर्तव्यांच्या वाट्याला एकटं ५१-क. त्या एका कलमाच्या पोटात ‘क’पासून ‘ट’पर्यंत अकरा अक्षरं दाटीवाटीने बसलेली आहेत. मूळ घटनेत कर्तव्यांचा भागच नव्हता. १९७६ मध्ये स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्यं सुचवली आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीने दहा घातली. मागितल्यापेक्षा जास्त मिळालं असं सरकारी कामकाजातलं हे दुर्मीळ उदाहरण म्हणावं, तर जे मिळालं ते कर्तव्य होतं.

माझी आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला दुपारी झोप येत नाही आणि भाचीला झोपायचं नसतं, त्यामुळे दोघींची उजळणी एकत्र चालते. तक्ता आईच्या हातात आणि उत्तरं नातीच्या तोंडात. एकदा नातीने डाव उलटवला आणि म्हणाली, “आजी, आता तू सांग बरं दोन मूलभूत कर्तव्यं.” आईने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “मत द्यायचं आणि कर भरायचा.” नात खुदकन हसली, कारण परीक्षक ज्यांच्यासाठी सापळा लावतात ती पाखरं नेमकी याच दोन दाण्यांवर येतात. दोन्ही यादीत नाहीत. कर भरणं हेही कर्तव्य असावं, अशी स्वर्णसिंग समितीची शिफारस होती, पण ती मान्य झाली नाही. मतदानाचं नाव तर त्या अकरा अक्षरांत कुठेच नाही. आई थोडी दुखावली. “मग मी गुडघे दुखत असताना रांगेत उभी राहत होते ते कशासाठी?” यावर तक्त्यात उत्तर नव्हतं. नातीने तिला समजावलं की प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी मात्र यादीत आहे आणि तू मांजरीला दूध घालतेस ते थेट ‘छ’मध्ये बसतं. त्यावर आईचं बऱ्यापैकी समाधान झालं.

एका सराव चाचणीनंतर भाची घुश्श्यात घरी आली. प्रश्न साधा दिसत होता. ‘कलम ४५ अन्वये राज्य सहा ते चौदा वर्षे वयोगटातील बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देईल’, विधान योग्य की अयोग्य? तिने योग्य म्हटलं होतं. तिच्याच तक्त्यात ४५ समोर कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून उतरवलेली ओळ होती, ‘बालकांना मोफत शिक्षण’. ओळ एके काळी खरी होती, पण कलमाच्या खालून जमीन सरकली होती आणि ओळ जागेवरच राहिली होती. त्या संध्याकाळी मी चष्मा लावून तिच्याबरोबर बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या तीन रंगांत एकच मूल चार ठिकाणी उभं आहे, आणि एकाही ठिकाणी त्याला बाकीच्या तिघांची ओळख नाही.

हिरव्या रंगात ते पहिल्यांदा भेटतं २४ मध्ये. तिथे तक्ता म्हणतो ‘बालमजुरी बंदी’. पण कलम तितकं सरसकट बोलत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही, एवढंच ते म्हणतं. शेतावर, चहाच्या टपरीवर, धुण्याभांड्यांच्या घरी काय, हे त्याने नंतरच्या कायद्यांवर सोपवलं. हिरव्यातच थोडं वर, २१ ला टेकून, २१-क आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने. हे शेपूट एका ओळीत कधीच मावत नाही, पण सगळा खेळ त्या शेपटात आहे. मग गुलाबीतलं ४५. ते आता वयाची सहा वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलांबद्दल बोलतं, त्यांच्या संगोपनाबद्दल आणि शाळेआधीच्या शिक्षणाबद्दल, आणि तेही ‘राज्य प्रयत्न करील’ अशा सुरात. शेवटी पिवळ्यात अगदी तळाशी ‘ट’. आई, वडील किंवा पालक यांनी आपल्या सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी. भाचीने समासात पेन्सिलीने नुसती वयं लिहिली. एका ठिकाणी चौदाच्या खाली, एका ठिकाणी सहाच्या खाली, दोन ठिकाणी सहा ते चौदा. मग प्रश्न कितीही आडून आला तरी वय पाहिलं की कलम ओळखू येतं. कोणाला उद्देशून आहे तेही त्याच्याशेजारी लिहिलं. २१-क आणि ४५ राज्याला सांगतात, ‘ट’ आईबापांना सांगतो.

हा चौदाचा आकडा आला कुठून, ही चौकशी परीक्षेत विचारत नाहीत. ती मसुद्यावरच्या चर्चेत सापडते. २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेसमोर आजचं ४५ वं कलम आलं तेव्हा त्याचा क्रमांक ३६ होता, आणि त्याची सुरुवातच अशी होती की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. त्यापुढे, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. पंडित लक्ष्मीकांत मैत्र उठले. (लक्ष्मीकांत म्हटलं की आजच्या मुलांना उशीएवढं जाड पुस्तकच आठवतं, पण हे वेगळे, बंगालचे.) त्यांचं म्हणणं असं, की हा भाग मार्गदर्शक तत्त्वांचा आहे, इथलं काही न्यायालयात मागता येत नाही, तेव्हा इथे ‘हक्क’ हा शब्द शोभत नाही, तो काढावा. आंबेडकरांनी ते मानलं. नियमाने बघितलं तर मैत्र यांचं अगदी बरोबर होतं. चुकीच्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला तिकीट तपासनिसाने उतरवावं तसं हक्काला खाली उतरवलं गेलं, पण योग्य डब्यात त्याला बसवायचं कोणी, हे काही त्या दिवशी ठरलं नाही.

त्याच बैठकीत नझिरुद्दीन अहमद यांनी सुचवलं की नुसतं ‘शिक्षण’ नको, ‘प्राथमिक शिक्षण’ म्हणा. आंबेडकरांनी इथे मात्र मान तुकवली नाही. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. मसुद्याच्या अठराव्या कलमात, म्हणजे आजच्या २४ मध्ये, चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला आपण बंदी केली आहे. मग कामावर जायचं नाही, तर त्या मुलाने चौदा वर्षांचं होईपर्यंत कुठेतरी शिकत असायला हवं, हे ओघानेच आलं. म्हणून वयाची अट चौथीशी संपत नाही, चौदाव्या वर्षापर्यंत जाते. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने हिरव्या २४ पासून गुलाबी ४५ पर्यंत एक बाण काढला आणि लगेच खोडला. “मामा, बाण काढायला लागले तर वाचता येणार नाही.” तिचंही खरं होतं. पण ज्यांनी ही दोन कलमं लिहिली त्यांच्या मनात तो बाण होता. एक दार बंद केलं तर दुसरं उघडायला हवं, हे त्यांना दिसत होतं. आपण नंतर दारं वेगवेगळ्या रंगांत रंगवली.

मार्गदर्शक तत्त्वांवर के. टी. शाह फार नाराज होते. बँकेला जमेल तेव्हा वटणारा धनादेश, अशी त्यांची टीका होती. त्या सगळ्या धनादेशांत ४५ चाच एक असा होता, की ज्याच्यावर तारीख घातली होती. दहा वर्षं, म्हणजे २६ जानेवारी १९६०. भारतीय मनुष्य मुदतीला किती बिचकतो हे ठाऊक असूनही त्या माणसांनी हे धाडस केलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. १९६० आलं आणि गेलं. महाराष्ट्र त्याच वर्षी राज्य झाला, मिरवणुका निघाल्या, पण धनादेश वटल्याची कुठे नोंद नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या उलटून गेलेल्या मुदतीकडे बोट दाखवलं आणि चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हे एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच आहे असं सांगितलं. मग २००२ मध्ये शहाऐंशिवी दुरुस्ती झाली. या एका दुरुस्तीने तिन्ही रंगांत हात घातला. हिरव्यात २१-क आणलं, गुलाबीतल्या ४५ ची जुनी ओळ पुसून सहाच्या खालच्या मुलांसाठी नवी लिहिली, आणि पिवळ्यात ‘ट’ जोडला. मैत्र यांनी उतरवलेला हक्क चोपन्न वर्षांनी आपल्या डब्यात चढला. दहा वर्षांची मुदत मात्र गाळली. नव्या ४५ मध्ये आता तारीख नाही.

इथेही घाई करू नये. २००२ ला दुरुस्ती झाली म्हणून २००२ ला हक्क मिळाला असं जो लिहितो त्याचे गुण जातात. ‘कायद्याने ठरवील त्या रीतीने’ हे मघाचं शेपूट आठवा. तो कायदा २००९ मध्ये झाला, आणि कायदा व २१-क हे दोन्ही १ एप्रिल २०१० ला अमलात आले. शिकवणीतली मुलं ही तारीख एप्रिल फूल म्हणून लक्षात ठेवतात. मला त्यात हसू येतं आणि मग येत नाही.

‘ट’बद्दल बोलायचं तर ते फार सोज्ज्वळ कर्तव्य आहे. पाळलं नाही तर घटना काही करत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत तरी सक्ती करा असं मांडलं होतं. फुल्यांनी निदान बारा मागितले होते, घटनेने चौदा केले. चौदानंतर काय, हे तक्त्यात बघायला गेलं तर काही सापडत नाही. पंधरा ते सतरा वयाच्या मुलाला अजून मत नाही आणि २१-क चं छत्रही नाही. नववीत नापास झालेलं पोर तिन्ही रंगांच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर उभं असतं.

आई हे सगळं ऐकत होती हे आम्हाला उशिरा कळलं. तिने विचारलं, “मी यात कुठे बसते?” नातीला हा प्रश्न फारच आवडला. तिने कागद घेतला. आईचा जन्म १९४१ चा. गावात शाळा चौथीपर्यंत होती, पुढची तालुक्याला, आणि मुलीला रोज पाच मैल कोण पाठवणार! ती चौथी होऊन घरी बसली. घटना लागू झाली तेव्हा आई नऊ वर्षांची, म्हणजे जुन्या ४५ मध्ये चपखल बसणारी. राज्य तिच्यासाठी प्रयत्न करायला बांधलेलं होतं, दहा वर्षांच्या आत. १९५५ ला ती चौदाची झाली आणि कलमाच्या बाहेर पडली. राज्याची मुदत संपायला तेव्हा पाच वर्षं बाकी होती. “म्हणजे त्यांनी नियम मोडला नाही,” आई म्हणाली. नाही मोडला. मुदत संपली तेव्हा आईचं लग्न झालेलं होतं.

भाचीचं गणित वेगळं निघालं. ती २००१ ची. आठ पूर्ण होऊन नववं लागलेलं असताना, एका गुरुवारी, वार्षिक परीक्षेच्या सुमारास, तिला मूलभूत हक्क मिळाला. तिला काहीच आठवत नाही. २०१५ ला चौदाची झाल्यावर तो गेला, तेही तिला कळलं नाही. “मामा, माझ्याकडे पाच वर्षं एक मूलभूत हक्क होता आणि मी तो पाठ न करताच वापरला,” असं म्हणून ती हसली. मी माझं गणित मांडू दिलं नाही. मी त्या मधल्या काळातला, धनादेशाची तारीख उलटलेली आणि नवा आलेला नाही. नगरपालिकेची शाळा घराजवळ होती म्हणून शिकलो, त्यात घटनेपेक्षा पत्त्याचा वाटा मोठा.

आईचं मात्र अजून संपलं नव्हतं. तिने तक्ता जवळ ओढला आणि पिवळ्या रंगाच्या तळाशी बोट ठेवलं. “हे आईबापाचं कर्तव्य म्हणतेस, हे आमच्या अण्णांनाही होतं का?” अण्णा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन कित्येक वर्षं झाली, पण त्यांनी शाळेतून काढलं हे आईने आमच्यापुढे कधी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

“नाही आजी,” भाची म्हणाली. “कर्तव्यं मुळात आली १९७६ ला. त्यातही ‘ट’ नव्हतं. ते २००२ चं. तेव्हा अण्णांना हे लागू नव्हतं.”

“नक्की?”

“नक्की. परीक्षेत येतं हे.”

“मग बरं,” आई म्हणाली, आणि पुढचं कलम विचारायला लागली.